डिस्चार्जनंतरचा हिशेब

आई किंवा वडील दवाखान्यात दाखल झाले की पैशांची जुळवाजुळव बहुतेक घरांत आपोआप होते. थोरला मिळेल त्या गाडीने येतो, बहीण फोनवरून पैसे पाठवते, काका-मामा न सांगता पाकीट हातात ठेवतात. बिल एकच असतं, छापील असतं, आणि ते भरायच्या वेळी सगळे तिथे हजर असतात. भावंडांत धुसफूस सुरू होते ती पेशंट घरी आल्यानंतर. आता एक बिल नसतं. औषधं, डायपर, सांभाळणाऱ्या मावशींचा पगार, फिजिओथेरपीवाल्याची फी, रिक्षा असे चाळीस छोटे खर्च असतात आणि ते फक्त एकाच्या डोळ्यांसमोर होतात. ज्याच्या घरी आई-वडील असतात, त्याच्या. बाकीचे रविवारी फोन करून ‘आता बरं आहे ना?’ विचारतात आणि ‘बरं आहे’ ऐकून निश्चिंत होतात.

भावंडांना खर्चाचा वाटा मागणारं पत्र लिहावं लागतं ते या दुसऱ्या खर्चासाठी. ते कसं लिहावं, हे ठरण्याआधी खर्च नेमका कशाचा आहे, ते पाहायला हवं.

उदाहरणासाठी कराडचं एक घर घेऊ. घर कल्पित आहे. आकडे तालुक्याच्या गावातल्या साधारण दरांवरून धरले आहेत, ठिकाणाप्रमाणे ते कमी-जास्त होतील. आण्णा ७४ वर्षांचे, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. एका पहाटे त्यांचा उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं तुटलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्रास झोपेत कधी सुरू झाला हेच कुणाला कळलं नव्हतं, त्यामुळे ती वेळ हुकली. दहा दिवसांनी ते घरी आले. धाकटा मुलगा कराडलाच राहतो, त्याचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, महिन्याला ३५,००० सुटतात. दादा पिंपरीला कारखान्यात अधिकारी आहे, त्याच्या हातात १,२०,००० येतात. ताई ठाण्याला खासगी शाळेत शिकवते, तिचा पगार ४५,०००.

घरी आल्यावरचा महिन्याचा खर्च असा. सकाळी आठ ते रात्री आठ सांभाळायला येणाऱ्या मावशींचे रोजचे ७०० प्रमाणे २१,०००. हा सगळ्यात मोठा आकडा, आणि लांब राहणाऱ्यांना नेमका हाच अनाठायी वाटतो. ‘घरात दोन माणसं असताना बाई कशाला?’ असं विचारलं जातं. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, अशा माणसाला दर दोन तासांनी या कुशीवरून त्या कुशीवर करावं लागतं. नाहीतर कंबरेच्या हाडावर आणि टाचांवर त्वचा लाल होते, मग सोलते, आणि बेडसोअर एकदा खोल गेला की तो भरायला महिने लागतात. हवेची गादी असली तरी कूस बदलणं चुकत नाही. शिवाय अंघोळ, कपडे, आणि ठसका लागू नये म्हणून बसवून चमच्याचमच्याने भरवणं. हे दुकान उघडून करता येत नाही.

फिजिओथेरपिस्ट घरी येतो, एका वेळेचे ४००, महिन्यात २४ वेळा, म्हणजे ९,६००. पक्षाघातानंतर हाता-पायांत जी सुधारणा व्हायची तिचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत होतो, म्हणून हा खर्च आत्ताच जास्त असतो आणि पुढे कमी करता येतो. आण्णांची रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची औषधं आणि आईची मधुमेहाची, मिळून ५,२००. डायपर आणि अंथरुणावरचे शीट ४,०००. डॉक्टर आणि तपासण्या सरासरी १,८००, जाण्या-येण्याचे १,४००. बेरीज ४३,०००.

यात आण्णांचे स्वतःचे पैसे आधी धरायचे. पुष्कळ घरांत मुलं संकोचाने ही गोष्ट टाळतात आणि मग ‘आण्णांची पेन्शन कुठं जाते?’ हा प्रश्न भलत्या वेळी, भलत्या सुरात निघतो. आण्णांची पेन्शन ३,१०० आहे. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आठ लाख ठेवले आहेत, त्यांचं ८.२ टक्क्यांनी तिमाहीला १६,४०० व्याज येतं. दोन्ही मिळून महिन्याला साधारण ८,५००. मूळ आठ लाख मोडावेत का? शक्यतो नाही. आण्णांच्या मागे आईची पेन्शन साधारण निम्म्यावर येईल आणि हे व्याजच तिचा आधार असेल. आज मुलांनी तो पैसा वाचवला असं वाटतं, पण काही वर्षांनी त्यांनाच आईसाठी तेवढाच भार उचलावा लागतो.

सरकारी योजनेचं काय? ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि त्यावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात. आण्णांचं दवाखान्याचं बिल त्यातच बसलं. पण योजना मुळात दवाखान्यात दाखल असलेल्या पेशंटसाठी आहे. डिस्चार्जनंतर तिच्यातून फार तर पंधरा दिवसांची औषधं निघतात. खासगी मेडिक्लेममध्येही डिस्चार्जनंतरचा ठरावीक दिवसांचा औषधोपचार मिळतो, घरी ठेवलेल्या मावशींचा पगार सहसा मिळत नाही. म्हणजे ४३,००० मधून ८,५०० वजा केल्यावर उरलेले ३४,५०० रुपये मुलांनाच उभे करायचे आहेत.

आता वाटणी. पहिला विचार मनात येतो तो समान वाट्याचा, प्रत्येकी ११,५००. ऐकायला हे सरळ वाटतं. धाकट्याच्या मिळकतीचा मात्र तो जवळजवळ एक तृतीयांश आहे आणि दादाच्या पगाराचा दहावा भागही नाही. मिळकतीच्या प्रमाणात वाटलं तर तिघांच्या मिळून दोन लाखांत दादाचा वाटा ६० टक्के, ताईचा साडेबावीस, धाकट्याचा साडेसतरा. मग दादाकडे २०,७००, ताईकडे सुमारे ७,७६०, धाकट्याकडे सुमारे ६,०४० येतात. हे अधिक न्याय्य आहे, पण यातही एक मोठी गोष्ट सुटते. मावशी रात्री आठला जातात. त्यानंतर कूस बदलायला, पाणी द्यायला, डायपर बदलायला धाकटा आणि त्याची बायको उठतात. रात्रीसाठी माणूस ठेवला तर आणखी १८,००० लागतील. हे काम पैशांत धरलं नाही, तर सगळ्यांत जास्त देणारा माणूस कागदावर सगळ्यांत कमी देणारा दिसतो. बहुतेक घरांत हे काम सुनेच्या वाट्याला येतं आणि तिचं नाव कुठल्याच हिशेबात नसतं.

ही रात्रपाळी धरून वाटणी केली, तर धाकट्याकडे रोख वाटा उरत नाही. ३४,५०० रुपये दादा आणि ताई यांच्यात त्यांच्या पगारांच्या प्रमाणात वाटले की साधारण २५,००० आणि ९,५०० होतात. एवढं झाल्यावर पत्र लिहायला बसायचं.

असं पत्र साधारण या वळणाचं असतं:

ती. दादा आणि ताई यांस,
सा. न. वि. वि.

आण्णांना घरी आणून आज वीस दिवस झाले. ते आता उशीला टेकून बसतात, उजवा पाय थोडा उचलतात. बोलणं अजून लागत नाही, पण आपण बोललेलं त्यांना सगळं कळतं. आई ठीक आहे, फक्त झोप पुरत नाही.

दवाखान्याचं बिल योजनेत बसलं. वरचा खर्च दादाने भरला, तो विषय संपला. हे पत्र पुढच्या तीन महिन्यांसाठी आहे. वीस दिवसांचा खर्च मी वहीत मांडला आहे, त्यावरून महिन्याचे ४३,००० होतात. तपशिलाचा कागद आणि पावत्यांचे फोटो सोबत आहेत. आण्णांची पेन्शन आणि पोस्टातलं व्याज मिळून ८,५०० येतात, ते आईला विचारून यात धरले आहेत. उरतात ३४,५००.

दिवसा मावशी असतात. रात्री ही आणि मी आळीपाळीने उठतो. रात्रीलाही माणूस ठेवला तर १८,००० वाढतील. तसं करायला नको, आण्णांना रात्री घरचंच माणूस लागतं. पण हे काम हिशेबात धरावं अशी माझी विनंती आहे. म्हणून रोख रकमेत दादाने २५,००० आणि ताईने ९,५०० द्यावेत असं मला वाटतं. तुमच्या पगारांच्या प्रमाणात हे आकडे काढले आहेत. तुमच्यावर कुठले हप्ते आहेत ते मला सगळं माहीत नाही, म्हणून हा आकडा शेवटचा नाही. जमणार नसेल तर जमेल तेवढा सांगा, त्यात काय बसवायचं ते आपण तिघं ठरवू.

पैसे माझ्या खात्यावर नकोत. आईच्या नावावर वेगळं खातं उघडू, त्यात दादाचंही नाव घालू, म्हणजे त्याला तिथून सगळं दिसेल. पाच तारखेच्या आत जमा करा. महिनाअखेरीला मी हिशेब पाठवीन. वीस हजारांवरचा कुठलाही नवा खर्च तुम्हा दोघांना विचारूनच करीन. मध्यरात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर मात्र आधी नेईन, मग फोन करीन.

ताई, मे महिन्यात पंधरा दिवस तू इथे येऊन राहशील का? हिला लग्नानंतर एवढे दिवस माहेरी कधी जाता आलं नाही.

रविवारी रात्री नऊ वाजता तिघं एकदम फोनवर बोलू. तोवर कागद बघून ठेवा.

तुमचा धाकटा

या पत्रात जे नाही, तेही पाहण्यासारखं आहे. गेल्या दहा वर्षांत आई-वडिलांवर कुणी किती खर्च केला याचा उल्लेख नाही. तो काढला की दादा आपण घर बांधायला दिलेले पैसे काढतो, ताई तिच्या लग्नानंतर कुणी काय केलं नाही ते काढते, आणि मूळ ३४,५०० बाजूला राहतात. घराच्या वाटणीचा शब्दही नाही. आई-वडिलांवर जास्त खर्च केला म्हणून कायद्याने त्या मुलाचा घरातला हिस्सा आपोआप वाढत नाही. वडिलांना कुणाला जास्त द्यायचं असेल तर त्यांच्या स्वतःच्या कमाईच्या मालमत्तेचं मृत्युपत्र ते करू शकतात, आणि तो प्रश्न वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर सोडवायचा. एका भावंडाकडून दुसऱ्याने पैसे उसने घेतले असतील तर तेही वेगळं लिहून ठेवावं. वाटा आणि उसनवारी एका रकमेत मिसळली की पुढे ती कुणालाच वेगळी करता येत नाही.

तिसरी न आलेली गोष्ट म्हणजे वहिनी आणि दाजी. ‘वहिनीमुळे तू बदललास’ असं एक वाक्य पत्रात आलं, तर पुढचे आकडे कुणी वाचत नाही. पत्र दोन्ही भावंडांना एकाच वेळी, एकाच मजकुराचं जायला हवं. दादाला आधी आणि ताईला नंतर कळलं, तर ताईला ठरलेल्या गोष्टीवर सही मागितल्यासारखं वाटतं. नातेवाइकांच्या मोठ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते कधीही टाकू नये. तिथे चुलते आणि मावसभाऊ वाचतात, दादाची मान खाली जाते, आणि अशा वेळी माणूस पैसे देण्याऐवजी स्वतःची बाजू मांडत बसतो.

पत्र चुकलं आहे हे उत्तरावरूनच कळतं. उत्तरात आकड्यांबद्दल एकही प्रश्न नसेल आणि फक्त ‘तुला असं वाटलंच कसं’ असेल, तर आकडे पोचलेच नाहीत असं समजावं. उलट दादाने ‘फिजिओ रोज हवाच का?’ विचारलं, तर तो आरोप समजू नये. तो हिशेब वाचतो आहे.

आपल्या घरात रविवारच्या फोनवर दादाने सांगितलं, की घराच्या आणि मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते जाऊन २५,००० निघत नाहीत, १९,००० निघतील. ताई ९,५०० ला तयार झाली. कमी पडले ६,०००. औषधांपैकी बरीचशी जनऔषधी केंद्रात मूळ घटकाच्या नावाने मिळतात, डॉक्टरांना विचारून ती तिथून घ्यायचं ठरलं, त्यात १,८०० वाचले. उरलेले ४,२०० रुपये तीन महिने धाकट्याने द्यायचे. तीन महिन्यांनी फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा, म्हणजे महिन्याला ३,२०० वर आली की ६,४०० सुटतील. त्यातून धाकट्याचा रोख वाटा आधी बंद होईल आणि उरलेल्यातून दादाचा थोडा उतरेल. पत्रात तीन महिन्यांची मुदत का घालायची, त्याचं उत्तर इथे आहे. आजार बदलतो, खर्च बदलतो, आणि पुन्हा बसायची तारीख ठरलेली नसेल तर पहिलाच आकडा वर्षभर तसाच चालू राहतो.

पैसे देणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. जुन्या करपद्धतीने विवरण भरणाऱ्याला ज्येष्ठ आई-वडिलांचा मेडिक्लेम नसेल तर त्यांच्या औषधोपचारावरच्या खर्चाची वर्षाला ५०,००० पर्यंत वजावट मिळते, पण पैसे रोखीने दिलेले चालत नाहीत, आणि वजावट ज्याने पैसे भरले त्यालाच मिळते. एकच बिल दोघांनी दाखवता येत नाही. त्यामुळे औषधं आणि तपासण्यांची बिलं दादाने थेट ऑनलाइन भरावीत आणि खात्यात तेवढी रक्कम कमी टाकावी. भावंडांनी एकमेकांच्या खात्यावर पाठवलेल्या पैशांवर घेणाऱ्याला कर लागत नाही.

आणि उत्तरच आलं नाही तर? दुसरं पत्र पाठवावं, तेही याच सुरात. त्यानंतरही काही झालं नाही तर कायदा आहे, पण त्याची मर्यादा ओळखून त्याच्याकडे जावं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ चा आहे. त्यात निर्वाहाच्या व्याख्येत औषधोपचार स्पष्ट धरला आहे, आणि मुलांमध्ये मुलगा, मुलगी, नातू, नात सगळे येतात. सून आणि जावई येत नाहीत. अर्ज करायचा तो आई-वडिलांनी, किंवा त्यांना जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेल्या माणसाने, प्रांताधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात. धाकट्याला स्वतःच्या नावाने ‘मी एवढा खर्च केला, भावाकडून वसूल करून द्या’ असं तिथे मागता येत नाही. मात्र आई-वडिलांनी एका मुलाविरुद्ध अर्ज केला, तर तो मुलगा बाकीच्या भावंडांनाही त्यात सामील करून घेऊ शकतो. न्यायाधिकरण आधी समझोता अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवू शकतं. तिथे हाच हिशेबाचा कागद आणि हेच पत्र उपयोगी पडतं. पण या कायद्यात महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयेच मंजूर होतात. आण्णांच्या मावशींचा निम्मा पगारही त्यात निघत नाही.

ताईचं लग्न झालं, ती सासरची झाली, तिच्याकडे मागू नये, असं अजून काही घरांत मानलं जातं. कायदा तसं मानत नाही. कल्याणमध्ये वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या एका विवाहित मुलीकडे वडिलांनी निर्वाह मागितला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९८७ साली न्यायालयाने सांगितलं की मुलीचं लग्न झालं तरी ती मुलगीच राहते, आणि तिला स्वतःचं उत्पन्न असेल व वडिलांना स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर तिच्यावर जबाबदारी आहे. तेव्हा दंडाधिकाऱ्यापुढे चालणारी ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे, आणि तिथे दहा हजारांची मर्यादा नाही. मात्र त्यासाठी अंथरुणावरच्या आण्णांना आपल्या मुलांविरुद्ध उभं राहावं लागतं.

म्हणून पत्र आधी, आणि लवकर. डिस्चार्जनंतरचे पहिले पंधरा-वीस दिवस प्रत्येक पावती एका पाकिटात ठेवा, मावशींच्या रोजाची वही ठेवा, रात्री कोण किती वेळा उठलं तेही लिहा. महिना संपायच्या आत भावंडांना आकडा सांगा. सहा महिने गप्प राहून मग मागितलेला पैसा थकबाकीसारखा वाटतो, आणि त्याला ‘आधी का नाही सांगितलंस?’ हे जे उत्तर मिळतं ते चुकीचं नसतं.

ज्यांना असं पत्र येईल त्यांनी एवढं करावं. त्याच दिवशी ‘मिळालं, रविवारी बोलू’ एवढं कळवावं. आणि पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एक रात्र तुम्ही उठा, दर दोन तासांनी.